पँट ३४ ची, म्हणून बेल्टही ३४ चाच?

"बेल्टवर कंबरेचाच आकडा छापलेला असतो. पँट ३४ ची, तर बेल्टही ३४ चाच घ्यायचा. दोन इंच वाढवून घ्या म्हणणारा दुकानदार पडून राहिलेला मोठा माल खपवतोय. सुरुवातीला घट्ट झाला तरी चामडं वापरून सैल होतं, आणि नाहीच झालं तर मोची एक भोक पाडून देतो."

मी कुडाळला शिवणकाम करतो. चतुर्थी जवळ आली की हा मजकूर फोनवर फिरायला लागतो, कारण मुंबईहून येणारे चाकरमानी गावातल्या काका-मामांसाठी शर्ट, पँट आणि बेल्ट घेऊन निघतात. यंदा माझ्या शेजारच्या मामांसाठी त्यांच्या भाच्याने फोनवर पँटचा नंबर विचारून बेल्ट आणला. आरतीच्या आधी मामा तो हातात धरूनच माझ्याकडे आले. "नंबर तर बरोबर आसा मां? मगे पोचना कित्याक नाय?" शेवटच्या भोकापर्यंत पिन जेमतेम अर्ध्या-पाऊण इंचाने कमी पडत होती.

भाच्याची चूक नव्हती. त्याने नंबर बरोबर विचारला होता, फक्त तो नंबर पँटचा होता.

आधी बेल्टवरचा आकडा कशाचा असतो ते पाहू. नेहमीच्या बेल्टला पाच भोकं असतात, एकमेकांपासून साधारण एक इंचावर. बकलाची पिन जिथे अडकवलेली असते, म्हणजे चामडं जिथे बकलाभोवती दुमडलेलं असतं, तिथून मधल्या म्हणजे तिसऱ्या भोकापर्यंतचं अंतर हे बेल्टचं माप. या मापाने ३४ चा बेल्ट पहिल्या भोकावर ३२ चा होतो आणि पाचव्यावर ३६ चा. त्यापुढे तो जात नाही.

आता पँट. मामांची पँट तयार घेतलेली, आतल्या पट्टीवर ३४. मी तिचं बटण लावून ती टेबलावर सपाट पसरली, पुढची-मागची कड जुळवली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत टेप लावली. पावणेअठरा इंच भरले. दुप्पट केले की साडेपस्तीस. लेबलपेक्षा दीड इंच जास्त, आणि यात नवल नाही. तयार पँटमध्ये लेबलवर लहान आकडा आणि कापडात ऐसपैस कंबर हे पुष्कळ कंपन्या करतात, कारण गिऱ्हाइकाला आपण अजून ३४ मध्येच बसतो हे बरं वाटतं. मी शिवलेल्या ३४ च्या पँटची कंबर आतून ३४ च भरते. जुन्या पिढीतल्या शिवून घेणाऱ्या माणसांचं "जो पँटचा तोच बेल्टचा" हे म्हणूनच बऱ्यापैकी निभावून जायचं. बेल्ट चौथ्या भोकावर लागायचा आणि कुणाला काही वाटायचं नाही.

साडेपस्तीसवरही थांबता येत नाही. बेल्ट पँटच्या बाहेरून फिरतो. कंबरपट्टीत बाहेरचं कापड, बकरम आणि आतली पट्टी मिळून जाडी तीन मिलीमीटरच्या आसपास होते. गोलाची त्रिज्या तीन मिलीमीटरने वाढली की परीघ जवळजवळ एकोणीस मिलीमीटरने वाढतो. हा झाला पाऊण इंच. शिवाय बेल्टची स्वतःची जाडी असते. आपण तो टेबलावर सरळ ठेवून मोजतो, पण कंबरेभोवती वळला की त्याची आतली बाजू आखडते. साडेतीन मिलीमीटर जाड चामड्यात यात आणखी जवळपास अर्धा इंच जातो. बेरीज साडेछत्तीसच्या पुढे गेली. ३४ चा बेल्ट ३६ वर संपतो, म्हणून तो मामांना पुरला नाही. ३६ चा घेतला असता तर मधलं किंवा चौथं भोक लागलं असतं. दोन इंच वाढवण्याची रीत या हिशोबातून आली आहे. ती सांगणाऱ्या दुकानदारावर माल खपवल्याचा आळ घेणं मला अन्यायाचं वाटतं.

बरेचजण खोचलेल्या शर्टाचं कारण देतात. ते तितकंसं खरं नाही. शर्ट पँटच्या आत जातो. बटण लागल्यावर पँटचा घेर ठरलेलाच असतो, शर्ट फक्त आतली मोकळी जागा भरतो.

पण दोन इंचांचा नियमही डोळे मिटून लावू नका, कारण घोळ इथेच जास्त होतो. काही बेल्टांवर आकड्याशेजारी स्पष्ट लिहिलेलं असतं की हे कंबरेचं माप आहे. अशा वेळी बनवणाऱ्याने वाढ आधीच धरलेली असू शकते, म्हणजे लेबल ३४ चं आणि मधलं भोक ३६ वर. तिथे आपण आणखी दोन वाढवले की मधलं भोक ३८ वर जातं, बेल्ट पहिल्या-दुसऱ्या भोकावर लागतो आणि शेपूट बाजूच्या लूपच्याही पुढे लोंबतं. काही स्वस्त बेल्टांवर तर बकलासकट पूर्ण लांबी छापलेली असते. मधल्या भोकापुढे टोकापर्यंत साधारण सहा इंच आणि बकलाचे दोनेक इंच धरले, तर ४४ लिहिलेला बेल्ट खरं तर ३६ चा निघतो. लेबल वाचून हे तिन्ही प्रकार वेगळे ओळखता येत नाहीत. दुकानात टेप मागा आणि पिनेच्या बुडापासून मधल्या भोकापर्यंत स्वतः मोजा. ८५, ९०, ९५ असे आकडे दिसले तर ते सेंटिमीटर आहेत. ८५ म्हणजे ३४ आणि ९० म्हणजे ३६ इंचांच्या जवळपास.

बेंबीवर टेप लावून आलेला आकडाही इथे उपयोगी नाही. मामांची कंबर बेंबीवर ३८ भरते, पण पँट ते पोटाखाली नेसतात. बेल्टला तिथलाच घेर लागतो.

चामडं सैल होतं हे अर्धं खरं आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात खुंटीवर टांगलेल्या बेल्टला आठवड्याभरात बुरशी येते. असं ओलसर चामडं ओढलं गेलं की भोक लांबट होतं, तेही काही मिलीमीटर. इंचभर लांबी त्यातून मिळत नाही. आणि पुष्कळ स्वस्त बेल्ट अख्ख्या चामड्याचे नसतात. आत पुठ्ठ्यासारखा थर आणि वर रेक्झिन असतं. त्यांना सतत शेवटच्या भोकावर ताणून लावलं तर भोकाच्या कडेने चीर जाते.

मोची भोक पाडून देतो, पण ते लांब बेल्टला उपयोगी पडतं. आखूड बेल्टला टोकाच्या बाजूला भोक पाडलं तर शेपूट इतकं तोकडं राहतं की पहिल्या लूपमध्ये धड अडकत नाही. लांब बेल्टचं बकल स्क्रूने किंवा पकडीने लावलेलं असेल तर ते काढून बकलाकडचंच टोक कापावं, म्हणजे भोकं आणि टोकाची गोलाई जागच्या जागी राहते. आपोआप अडकणाऱ्या, खाचांच्या बेल्टचंही तसंच. फक्त एका वेळी अर्धा इंच कापा, कापलेलं परत जोडता येत नाही.

फोनवर माप मागायचं तर पँटचा नंबर विचारू नका. रोजचा जुना बेल्ट सपाट ठेवून, पिनेच्या बुडापासून जे भोक वापरात आहे तिथपर्यंत मोजायला सांगा. वापरातलं भोक वळ पडल्यामुळे लगेच ओळखू येतं. मामांच्या जुन्या बेल्टवर हे अंतर पावणेसदतीस भरलं. भाच्याने ३४ चा नवा बेल्ट परत नेला आणि मधलं भोक ३६ वर असलेला पाठवला. तो चौथ्या भोकावर लागतो.