दोन डबे काठोकाठ भरून चालत नाही

सुटा माल दोन डब्यांत ठेवून तो संपायच्या आत मागवायचा, या टू-बिन पद्धतीबद्दल असं ऐकायला मिळतं: "टू-बिन म्हणजे फार काही नाही. दोन सारखे डबे घ्या, दोन्ही काठोकाठ भरून ठेवा. नट-बोल्ट स्वस्तच असतात, हिशेब कशाला करत बसायचा? एक डबा संपला की दुसरा काढायचा आणि सवडीनं माल मागवायचा."

सगळ्यात घातक शब्द आहे तो 'सवडीनं'. पुढचा डबा रिकामा झाला, हीच ऑर्डर. त्या क्षणापासून मागच्या डब्याचं काम एकच, नवा माल रॅकवर येईपर्यंत कामाला पुरणं. सवड काढायला त्यात एक दिवसही शिल्लक नसतो. म्हणून आमच्याकडे डबा रिकामा झाला की फिटर त्या मालाचं कार्ड लगेच रॅकशेजारच्या लाल पेटीत टाकतो आणि संध्याकाळी स्टोअरवाले काका पेटी उघडतात.

आता हिशेबाचं. तो एकदाच करावा लागतो आणि पाच मिनिटांत होतो. नाशिकच्या अंबडला आमचं लोखंडी स्टँड जोडायचं छोटं वर्कशॉप आहे. एका स्टँडला एम ८ × २५ चे आठ बोल्ट लागतात आणि दिवसाला दहा स्टँड निघतात, म्हणजे रोजचे ८० बोल्ट. कार्ड पेटीत पडून ऑर्डर जायला एक दिवस, दुकानदाराचे तीन दिवस आणि आलेला माल मोजून रॅकवर लावायला एक, असे पाच दिवस धरले. ८० गुणिले ५, म्हणजे डब्यात ४००. पाकीट २०० चं मिळतं, त्यामुळे आकडाही नेमका बसला.

आणि तिथंच फसलो. आमची सुट्टी शनिवारी, दुकानदाराची रविवारी. शनिवारी माल घ्यायला आम्ही नसतो. रविवारी आमचे बोल्ट संपत राहतात, पण त्याच्याकडून काहीच हलत नाही. कार्ड मधल्या वारी पडलं की पाचाचे सहा दिवस व्हायचे. सहाव्या दिवशी सकाळी डबा कोरडा आणि तीन फिटर उभे! शिवाय घाईच्या दिवसात दहाऐवजी बारा स्टँड निघतात, म्हणजे ९६ बोल्ट. दोन-चार खाली सांडून हरवतात ते धरले तर १००. म्हणून सरासरी सोडून दिली. घाईच्या दिवसाचे १०० गुणिले जास्तीत जास्त लागणारे सहा दिवस, ६००. तीन पाकिटं. दोन्ही डबे आलटून-पालटून पुढे येतात, त्यामुळे प्रत्येकात तेवढेच. ६४० आले असते तर पाकीट न फोडता ८०० धरले असते.

हा आकडा डब्याच्या मापावर ठरत नाही. त्याच डब्यात एम ८ चे बोल्ट हजारभर मावतील, पण म्हणून हजार भरायचे नसतात. डबा अर्धा रिकामा दिसला तरी कार्डावर लिहिलंय तेवढंच भरायचं.

स्वस्ताईचा मुद्दा अर्धा खरा आहे, तो मान्य. वॉशरसारख्या पैशांत मोजायच्या वस्तूला मी डोकं लावत नाही. हिशेबाला पुरून उरेल एवढं एक आख्खं पाकीट एका डब्यात. पण हाच नियम कटिंग व्हीलला लावू नका. चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीचा महिना-वर्ष छापलेलं असतं. पावसाळ्यात ओल धरलेली किंवा मुदत उलटलेली चकती ग्राइंडरवर फुटू शकते. तिथं जास्तीचा साठा हा धोका आहे. बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून लावायच्या थ्रेडलॉकरच्या बाटलीलाही मुदत असते. बोल्टचंही तसंच: डिझाइन बदलून २५ ऐवजी ३० लांबी आली की काठोकाठ भरलेले दोन्ही डबे पडून राहतात.

सगळं बरोबर करूनही पद्धत मोडते ती एका ओतण्यानं. एकदा दोन्ही डबे अर्धे-अर्धे दिसले. विचारलं तर नवा पोरगा म्हणाला, "काका, पुढच्यात थोडेच उरले होते, म्हणून मागच्यातले ओतून घेतले." त्यानं आवराआवर केली होती, पण कार्ड पेटीत पडलंच नव्हतं. दोन्ही डबे एकाच वेळी उघडे दिसले की समजा, ऑर्डर गेलेली नाही. आता आम्ही मागच्या डब्यातला माल पिशवीत बांधून ठेवतो आणि कार्ड त्या पिशवीच्या गाठीलाच असतं. पिशवी सोडली की कार्ड हातात येतं.

आकडा बरोबर आहे का, हे माल येतो त्या दिवशी कळतं. तेव्हा चालू डब्यात किती उरलेत ते काका कार्डामागे पेन्सिलनं लिहितात. ६०० पैकी साधारण २०० उरले तर ठीक. लागोपाठ तीन-चार वेळा निम्म्याहून जास्त उरले तर एक पाकीट कमी. तळ दिसायला लागला तर एक वाढवायचं. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांत शहरातून टेम्पो निघायला उशीर होणार हे धरून, त्या महिन्यांसाठी सहाऐवजी आठ दिवसांची, म्हणजे ८०० ची वेगळ्या रंगाची कार्डं आम्ही करून ठेवणार आहोत.