टाकीला घाम फुटतो तेव्हा

आषाढ लागला की पुण्यात छत्र्या बाहेर येतात, कपडे वाळेनासे होतात आणि आमच्या कमोडमागची चिनी मातीची टाकी रडू लागते. गेली तीन वर्षे हा नेम चुकलेला नाही. पहाटे टाकीच्या तळाशी थेंब जमतात, सकाळी आठपर्यंत फरशीवर थारोळे होते, आणि नऊच्या सुमारास खालच्या मजल्यावरील काका दारात उभे राहून, "तुमचा संडास आमच्या छतातून येतोय," असे अत्यंत शांतपणे सांगतात. पुण्यात भांडण या सुरातच होते, त्यामुळे ते जास्त झोंबते.

पहिल्या वर्षी मी प्लंबरला बोलावले. त्याने टाकीकडे न पाहताच "वॉशर गेलाय" असे निदान केले आणि टाकी व कमोड यांच्यामधला जाड वॉशर बदलला. दुसऱ्या वर्षी त्याने टाकी बसवणारे बोल्ट बदलले. दोन्ही वेळा दुपारी टाकी कोरडी ठणठणीत होती, त्यामुळे तो विजयी मुद्रेने गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीने पुन्हा गळा काढला. गळती असती तर ती दुपारी सुट्टी का घेईल, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पण पैसे दिल्यानंतर माणसाला प्रश्न पडत नाहीत.

यंदा मी स्वतः तपास हाती घेतला. टाकीचे झाकण उघडून आतल्या पाण्यात जिलेबीचा केशरी रंग चमचाभर टाकला, बाहेरची बाजू कापडाने खडखडीत पुसली आणि खाली एक स्टीलची वाटी ठेवली. ही परीक्षा अगदी साधी आहे. वाटीत केशरी पाणी पडले तर टाकी फुटली आहे किंवा तिचे सांधे गळत आहेत, आणि स्वच्छ पाणी पडले तर ते टाकीतून आलेलेच नाही. सकाळी सहा ते दहा या वेळात वाटीत अर्धी वाटी पाणी साचले आणि ते पिण्यालायक वाटावे इतके निर्मळ होते. (प्यायलो नाही.) त्याहून बोलका पुरावा टाकीच्या अंगावरच होता. आतल्या पाण्याची पातळी जिथे संपते, बरोबर त्या उंचीपर्यंत बाहेरून दाट थेंब होते आणि त्यावरची चार बोटे जागा कोरडी होती, जणू कोणी पट्टी लावून रेघ आखली असावी. गळती अशी रेघ आखत नाही.

म्हणजे हा घाम होता. थंडगार ताकाच्या पेल्याबाहेर जे पाणी जमते, तेच. हवेत किती बाष्प आहे यावर एक तापमान ठरते, ज्याला दवबिंदू म्हणतात; त्याहून थंड असलेली कोणतीही वस्तू त्या हवेत आली की बाष्प तिच्यावर पाणी होऊन बसते. हे कळल्यावर मी तापमान आणि आर्द्रता दाखवणारे एक छोटे यंत्र आणून संडास-बाथरूममध्ये टांगले. पहाटे तिथे 25 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता होती, म्हणजे दवबिंदू साधारण 22. टाकीतले पाणीही 22 अंशांच्या आसपास असल्याने प्रकरण काठावर होते. त्यानंतर घरातल्या तिघांनी खिडकी लावून, गीझरच्या पाण्याने, प्रत्येकी वीस मिनिटे आंघोळ केली, आणि यंत्राने 27 अंश व 95 टक्के दाखवले. आता दवबिंदू 26 वर गेला होता आणि टाकी त्याहून चार अंशांनी थंड होती. मी तीन वर्षे पावसाला शिव्या देत होतो. गुन्हेगार आंघोळ करून, केस पुसत, पोहे खायला बसले होते.

पण केशरी रंगाने आणखी एक बातमी दिली. कोणीही फ्लश केलेला नसताना वीस मिनिटांत कमोडमधले पाणीही फिकट केशरी झाले. टाकीच्या तळाचे रबर, जे फ्लश केल्यावर उचलले जाते आणि नंतर भोक बंद करते, ते नीट बसत नव्हते. त्यामुळे टाकीतले पाणी सतत झिरपत होते आणि त्याची भरपाई म्हणून नळातून नवे थंड पाणी येत होते. एरवी काही तासांत टाकीतले पाणी खोलीच्या तापमानाच्या जवळपास पोहोचते आणि घाम थांबतो. आमच्या टाकीला ती उसंतच मिळत नव्हती. रबर बदलल्यावर घामाचा जोर निम्म्याने उतरला. "वॉशर गेलाय" हे प्लंबरचे निदान खरे ठरले, फक्त वॉशर वेगळा होता.

उरलेल्या निम्म्यासाठी हिने सुचवले की टाकीला टॉवेल गुंडाळावा. गुंडाळल्यावर टाकी नुकतीच न्हाऊन बाहेर आलेल्या माणसासारखी दिसू लागली, पण कापडातून हवा आरपार जात असल्याने घाम टॉवेलखाली येतच राहिला. चौथ्या दिवशी टॉवेलला कुबट वास आला आणि पाचव्या दिवशी काळे ठिपके. बाहेरून पांघरूण घालून उपयोग नसतो. चिनी माती थंड होऊ नये असे वाटत असेल तर पाणी आणि तिच्यामध्ये आतूनच आडोसा हवा.

म्हणून मी बोहरी आळीत जाऊन, पाणी न शोषणारा, बंद छिद्रांचा 10 मिलिमीटर जाडीचा फोम आणला. अँगल कॉक बंद करून टाकी रिकामी केली, स्पंजाने टिपली आणि दिवसभर पंख्याखाली वाळवली, कारण ओल्या चिनी मातीला सिलिकॉन धरत नाही. वर्तमानपत्राचे साचे कापून चार भिंती आणि तळ यांचे तुकडे केले, सिलिकॉनने चिकटवले आणि 24 तास टाकीत पाणी येऊ दिले नाही. या एका दिवसात घरातल्यांनी बादलीने पाणी ओतताना माझ्याबद्दल जे बोलले, ते इथे लिहिण्यासारखे नाही. मी एक चूकही केली: फ्लोटच्या बाजूचा तुकडा दोन बोटे जास्त पुढे आला, त्याला फ्लोट अडकला, आणि रात्रभर पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून वाहत राहिले. तो तुकडा तिरका कापल्यावर सगळे सुरळीत झाले. फोमने जागा खाल्ल्यामुळे दहा लिटरची टाकी आठ लिटरच्या आसपास आली, त्यामुळे कधीकधी दोनदा फ्लश करावे लागते.

तिसरा उपाय सर्वांत स्वस्त होता आणि त्यालाच सर्वाधिक विरोध झाला. आंघोळीनंतर अर्धा तास एक्झॉस्ट पंखा चालू ठेवायचा. पंखा आतली वाफ बाहेर फेकतो, तिच्या जागी बाहेरची हवा आत येते आणि पावसाळ्यातही ती वाफेने भरलेल्या बाथरूमपेक्षा पुष्कळ कोरडी असते. अर्थात बाहेरचाच दवबिंदू 23 असेल, तर पंख्याला त्याच्या खाली जाता येत नाही. शिवाय बंद दाराखाली बोटभर फट नसेल तर पंखा नुसता गुरगुरतो. आमच्या दाराखाली फट नव्हती. सुताराने ती केली, आणि आता त्या फटीतून झुरळेही येतात.

आज वाटीत सकाळभरात जेमतेम सात-आठ थेंब पडतात, तेही तळाच्या बोल्टवरून आणि पाणी आणणाऱ्या नळीवरून, जिथे फोम पोहोचत नाही. काका मात्र काल पुन्हा आले. त्यांच्या छतावरचा डाग तसाच होता. मी त्यांना त्यांच्याच बाथरूममध्ये नेले आणि त्या वाफाळलेल्या खोलीत छताला बोट लावून दाखवले. सगळे छत थेंबांनी भरले होते. काकांची आंघोळ नुकतीच झाली होती, खिडकी लावलेली होती, आणि पंख्यावर त्यांनी गेल्या दिवाळीपासून कॅलेंडर टांगले होते.