जठरातला पांढरा तळ म्हणजे कॅन्सर नव्हे

फिरणारा मेसेज: "एंडोस्कोपीच्या फोटोत जखमेचा तळ पांढरा दिसला की कॅन्सरच. पेशंटला लगेच मुंबईला हलवा."

हे चूक आहे. अल्सरच्या, म्हणजे जठराच्या अस्तरातल्या जखमेच्या, तळावर फायब्रिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा पांढरट-पिवळा थर साचतो, गुडघा खरचटल्यावर ओल्या जखमेवर येतो तसा. साध्या अल्सरमध्येही तो असतोच. बघायची ती कड.

मालवणकडच्या एका रापणकराचं उदाहरण घ्या. कंबरदुखीसाठी महिनोन्‌महिने वेदनाशामक गोळ्या. फोटोत जठराच्या खालच्या भागात सेंटिमीटरभर खड्डा, कड गुळगुळीत, भोवतालच्या अस्तराच्या घड्या कडेपर्यंत सरळ आलेल्या. हे साध्या अल्सरचं रूप. कड उंचसखल, कुरतडल्यासारखी आणि घड्या मध्येच तुटलेल्या किंवा जाड असत्या, तर संशय वाढला असता.

तरीही निव्वळ फोटोवर कुणी निर्धास्त राहू नये. जठरातला कॅन्सर कधी साध्या अल्सरसारखाच दिसतो, आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी वरवर भरूनही येतो. म्हणून कडेचे अनेक तुकडे बायोप्सीला जातात, अल्सरला कारण ठरणाऱ्या हेलिकोबॅक्टर जंतूची तपासणी होते आणि साधारण आठ ते बारा आठवड्यांनी बहुधा पुन्हा दुर्बीण घालून जखम भरली का ते पाहतात. शौचाला डांबरासारखी काळी झाली, तर मात्र मुंबईची वाट न बघता जवळचंच रुग्णालय गाठा.