साइज आणि दिवसाचं लॉस लिमिट: डेस्कवर नव्याने आलेल्यांसाठी

«स्टॉपलॉस लावलेला असला की साइज कितीही घ्या, फरक पडत नाही. आणि दिवसाचं लॉस लिमिट म्हणजे रिकव्हरीची संधी हातची घालवणं.»

यातला पहिला भाग जास्त धोक्याचा आहे, कारण तो शिस्तीसारखा वाटतो. ८०० रुपयांचा शेअर घेतलात, स्टॉपलॉसचा ट्रिगर ७९० आणि लिमिट ७८८ ठेवलीत. भाव ७९१ वरून थेट ७८५ वर आला, तर तुमची विक्रीची ऑर्डर ७८८ वर पडून राहते. खाली खरेदीदार असतात, पण तुमच्या भावाला नसतात. मार्केट ऑर्डर टाकली तर सुटका होते, भाव मात्र मिळेल तो. ऑर्डर बुकात जेवढी खरेदी लागलेली आहे त्यापेक्षा जास्त शेअर हातात असतील, तर तुमचीच विक्री भाव आणखी खाली नेते.

म्हणून आपल्याकडे साइज स्टॉपलॉसच्या अंतरावरून निघते. नव्या ट्रेडरला दहा लाखांचं कॅपिटल मिळतं आणि एका ट्रेडला ५,००० रुपयांची जोखीम. वरच्या ट्रेडमध्ये अंतर १० रुपये, त्यात स्लिपेजचे २ धरा. ५,००० भागिले १२ म्हणजे ४१६, घ्यायचे ४००. शेअर जास्त हलत असेल आणि स्टॉप २० रुपये लांब ठेवावा लागला, तर २२ ने भागून सव्वादोनशे. साइज बसावी म्हणून स्टॉप जवळ ओढायचा नाही. दोन बँकांचे शेअर आणि वर बँक निफ्टी, तिन्ही एकाच दिशेने घेतले असतील तर तो एकच ट्रेड धरतो. तिघांत मिळून ५,०००.

पोझिशन घरी न्यायची असेल तर आधी मला विचारा. स्टॉपची ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते. ३ जून २०२४ ला निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त चढला, दुसऱ्या दिवशी निवडणुकीच्या निकालात जवळपास सहा टक्के पडून बंद झाला.

आता रिकव्हरी. दिवसाचं लिमिट १५,००० आहे, उघड्या पोझिशनचा तोटा आणि चार्जेस धरून. तिथे पोहोचलेला माणूस ४०० शेअर घेऊन लॉस भरायला बसत नाही, त्याला एका फटक्यात भरायचा असतो. तो १,२०० घेतो. तोच १२ रुपयांचा स्टॉप लागला की आणखी १४,४०० गेले, म्हणजे एका ट्रेडमध्ये जवळपास दुसरा दिवस. संधी उद्याही येते. त्यासाठी कॅपिटल शिल्लक लागतं. १०,००० गेले की साइज निम्मी करा, १५,००० ला टर्मिनल बंद. मी स्वतः बंद करीन आणि त्यावर वाद घालणार नाही.

बंद करताना आधी पेंडिंग ऑर्डर रद्द करा, मग पोझिशन कापा आणि ऑर्डर व पोझिशन, दोन्ही पानं तपासा. पोझिशन कापली आणि स्टॉपची ऑर्डर तशीच राहिली, तर ती ७९० ला लागून तुमच्या नावावर ४०० शेअरची नवी शॉर्ट उभी करते.