एक किलो हळद

सांगलीत कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरी, विश्रामबागेत खोली आणि शेजारच्या खाणावळीच्या डब्यात रोज दोडका. पूर्वपीठिका एवढीच. स्वतः करून खायचं ठरवलं आणि एका पावसाळी संध्याकाळी गणपती पेठेत एका जुन्या किराणा दुकानाच्या पायरीवर जाऊन उभा राहिलो.

तयारीनं गेलो होतो, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो. घरच्या ग्रुपवर आईच्या अक्षरातल्या किराणा यादीचा एक फोटो पडलेला होता. आई तीस वर्षं संसार करतेय, तिची यादी म्हणजे प्रमाण. मी काय डोकं लावायचं? मी फोटो मोठा केला आणि वरून वाचायला सुरुवात केली. "हळद, एक किलो."

दुकानात वजनं उचलणारा हात थांबला. गल्ल्यावरच्या मालकांनी चष्मा वर केला. आणि साखरेच्या पोत्याशेजारी, स्टुलावर बसून पेपर वाचणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पेपर खाली केला. पांढरा लेंगा, टोपी, पायाशी छत्री. दुकानाचे नसावेत, कारण कामाचं काहीच करत नव्हते. गिऱ्हाईकही नसावेत, कारण काही घेतही नव्हते. मालक त्यांना तात्या म्हणत होते.

"किती?" तात्या म्हणाले.

"एक किलो."

"घरात माणसं किती?"

"मी एकटाच."

तात्यांनी पेपरची व्यवस्थित घडी घातली. माणूस आता उठणार नाही, हे तेव्हाच ओळखायला हवं होतं.

"लगीन ठरलंय व्हय?"

"नाही हो काका."

"मग एक किलो हळद लावायची कुणाला?"

दुकानात तेल घ्यायला आलेल्या दोन बायका होत्या, त्या हसल्या. पुड्या बांधणारा पोरगा हसला. मालक हसले नाहीत, पण हसू दाबायला त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी खाण्यासाठी हवी आहे असं सांगितलं. तात्यांनी तिथल्या तिथे हिशेब मांडला. एकट्या माणसाच्या भाजी-आमटीला दिवसाला अर्धा चमचा हळद, म्हणजे दीड ग्रॅम. किलोभर संपायला दोन वर्षांना दोन महिने कमी. "तवर तिचा रंग उडंल, वास जाईल, आणि तुजी बदली हुईल."

हिशेब बरोबर होता, म्हणूनच जास्त राग आला.

मी गप्प बसलो असतो तर प्रकरण मिटलं असतं. पण मी "सांगलीची हळद चांगली असते ना, म्हणून" असं म्हणालो. झालं. सांगलीच्या माणसासमोर हळदीचं नाव काढू नये. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं इथपासून तात्यांनी सुरुवात केली आणि थेट हरिपूरला पोहोचले. हरिपुरात जमिनीखाली पेवं. वरून तोंड एवढंसं, आत माणूस उभा राहील इतकी खोली. शिजवून वाळवलेली हळकुंडं त्यात ओतायची, तोंड मातीनं लिंपून टाकायचं, भाव चढला की उघडायचं. ना कीड, ना बुरशी, वर्षानुवर्षं माल जसाच्या तसा. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, कोंडलेल्या हवेनं माणूस गुदमरतो, आधी ती बाहेर पडू द्यायची. मग २००५ चा महापूर आला, पेवांत पाणी शिरलं आणि त्यातली कितीतरी कायमची गेली. हे सांगताना तात्यांचा आवाज खरोखर उतरला. बायका तेलाचे डबे खाली ठेवून ऐकू लागल्या. मीही ऐकत होतो, खोटं कशाला बोलू. फक्त माझ्या एका पायाला मुंग्या आल्या होत्या आणि माझी हळद अजून तराजूत पडली नव्हती.

"म्हंजे काय," तात्या भानावर आले, "ठेवायची तर अख्खी हळकुंडं ठेवावी. पूड थोडी घ्यावी, काचेच्या बरणीत, उजेड लागू द्यायचा न्हाई. ह्येला शंभर ग्रॅम बांध रं."

पोरानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शंभर ग्रॅम बांधली.

पैसे माझे, भूक माझी, आणि माल ठरवणार साखरेच्या पोत्याशेजारचे गृहस्थ! मी आवाज जरा चढवून पुढचं वाचलं. "ब्याडगी मिरची दोन किलो. धने एक किलो. दगडफूल पन्नास ग्रॅम. नागकेशर..."

"नागकेशर?" तात्या उभेच राहिले. "आण हिकडं त्यो फोन."

फोन दिला. का दिला, ते अजून कळलेलं नाही. त्यांनी तो हातभर लांब धरून यादी मोठ्यानं वाचली. जायपत्री, बदामफूल, शहाजिरे, तमालपत्र, खसखस, हिंगखडा. एकेका नावाला बायका माना डोलवत होत्या. शेवटी तात्यांनी न्यायाधीशाच्या आवाजात निकाल दिला, "ही वर्षाच्या मसाल्याची यादी हाय. उन्हाळ्यातली."

फोटो मे महिन्यातला निघाला. आईनं वर कुठंही 'मसाला' असं लिहिलेलं नव्हतं, हे इथं नमूद करतो. यादीवर शीर्षक घालायची पद्धत आमच्या घरात नाही, त्याची शिक्षा मी का भोगायची?

"मिरच्या वाळवायच्या कुठं ह्या पावसात?" एका बाईंनी काळजीनं विचारलं. "ओली मिरची डंकावर न्येली तर मसाल्याला महिन्यात जाळी धरंल." दुसऱ्या बाईंचं म्हणणं असं की पोरगं एकटंच आहे, तयार कांदा-लसूण मसाला पावशेर दिला तरी दोन महिने पुरेल. तात्यांनी तो ठराव मंजूर केला. मग तुरीची डाळ अर्धा किलो, मोहरी-जिरे पन्नास-पन्नास, तेलाची एक लिटरची पिशवी, गूळ पावशेर. गूळ मला नको होता. "आमटीला लागतो," असं तिघांनी एकदम सांगितलं.

पुड्या बांधून होईपर्यंत तात्यांना मोकळा वेळ मिळाला आणि ते परत मूळ विषयावर आले.

"आडनाव काय म्हणालास?"

मी काहीच म्हणालो नव्हतो. सांगितलं. आमचं आडनाव असं आहे की ते चार जातींत सापडतं. तात्यांच्या कपाळावर आठी पडली.

"मूळ गाव?"

"डोंबिवली."

"ते ऱ्हायाचं झालं. मूळ?"

मूळ सांगितलं. तरी उलगडेना. "कुलदैवत कुठलं?"

इथं मात्र माझं हसणं संपलं. हा प्रश्न मला सांगलीत आल्यापासून पाठ झाला आहे. खोली शोधताना एका घरात आडनाव, दुसऱ्या घरात 'मटण-बिटण करता का', तिसऱ्या घरात 'आम्हाला फॅमिलीच हवी'. सरळ जात विचारायची कुणाची हिंमत नाही, म्हणून देवाला मध्ये घालतात. कुलदैवताचा असा उपयोग होत असेल हे कुलदैवतालाही माहीत नसणार. डोंबिवलीत विचारत नाहीत असा माझा दावा नाही, तिथं फक्त लोकलची घाई असते. तात्यांच्या चेहऱ्यावर वाईट काहीच नव्हतं, उलट मायाच होती, आणि तोच माझा प्रॉब्लेम होता. वाईट माणसाला उलटं बोलता येतं. मी म्हणालो, "कुलदैवत आईला माहीत आहे." तात्या म्हणाले, "मग आईचा नंबर दे की." मी ऐकू न आल्यासारखं करून तांदळाकडे वळलो.

तांदूळ यादीत नव्हता, तेव्हा तो निर्णय संपूर्ण माझा. दारापाशी उघड्या पोत्यात इंद्रायणी होता. मूठ उचलून वास घेतला. दाणे पांढरेशुभ्र, सुगंध दुकानभर. पोत्यावर पाटी होती, 'इंद्रायणी नवा'. नवा म्हणजे ताजा, ताजा म्हणजे चांगला, भाजीला आपण हाच नियम लावतो. "पाच किलो," मी ठणकावून सांगितलं आणि वादाच्या तयारीनं तात्यांकडे पाहिलं.

तात्या पेपर उलगडत होते. एक अक्षर बोलले नाहीत.

पैसे भरले. गल्ल्यावरच्या यंत्रानं माझी रक्कम बाईच्या आवाजात साऱ्या दुकानाला जाहीर केली, तेवढंच खासगी राहिलं होतं. मग कळलं की पिशवी नाही. प्लॅस्टिकची मिळत नाही, कापडी संपलेली, बाहेर पाऊस. तात्यांनी काखेतली स्वतःची पिशवी काढून माझ्या हातात दिली. खाकी, जाड, दोन ठिकाणी ठिगळ. "परत आणून द्यायची. मी हितंच असतो." त्याबद्दल तर माझी खात्रीच पटली होती.

घरी आल्यावर कुकर लावला. आमच्याकडे वाटीभर तांदळाला अडीच वाट्या पाणी घालतात, तेवढं घातलं. झाकण उघडलं तर आत भात नव्हताच. डाव बुडवला तर लांबडी तार निघाली. आमटी झकास झाली होती, गुळासकट, पण ती कशावर घालायची हा प्रश्न होता. रात्री आईला फोन केल्यावर तिनं एका वाक्यात उलगडा केला. आपल्याकडे वर्षभर जुना झालेला कोलम येतो, तो पाणी पितो आणि मोकळा होतो. नवा तांदूळ पाणी कमी घेतो, त्यात इंद्रायणी जातीचाच चिकट. जुन्याचा दाणा किंचित पिवळट दिसतो, पांढऱ्यावर भाळू नये. मग तिनं विचारलं, मसाल्याची यादी का वाचलीस? आणि पाठोपाठ, ते तात्या काय म्हणाले, नंबर का नाही दिलास?

पिशवी द्यायला जावंच लागलं. तात्या स्टुलावर होतेच. त्यांनी पिशवी उलटी करून झटकली, कोपऱ्यातून चार तांदूळ पडले. एक उचलून दाताखाली धरला.

"नवा हाय. पाणी कमी घालायचं बरं का ह्याला. वाटीला दीड, लई तर पावणेदोन."

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"तू कुठं इचारलंस?" तात्या म्हणाले. आणि पिशवीच्या बंदाची शिवण बोटानं तपासत, "ही उसवलिया. पाच किलो घालत्यात व्हय रं हिच्यात?"