हात बाहेर वळत नाही, साहेब

आज ८ नोव्हेंबर. १८९५ साली याच दिवशी रोंटगेन यांना क्ष-किरण सापडले, म्हणून हा रेडिओग्राफी दिन. आमच्या सांगलीतल्या हॉस्पिटलात सकाळी छोटा कार्यक्रम झाला आणि हाडांचा डॉक्टर म्हणून मला पाच मिनिटं बोलायला सांगितलं. तिथं जे बोललो तेच इथं टाकतोय, थोडं सविस्तर.

मंडळी, गेल्या वर्षीची गोष्ट. थंडीचे दिवस, शेतीची लाईट रात्रीची. तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार बाराच्या सुमाराला मोटर चालू करायला गेले आणि स्टार्टरला शॉक बसला. पडले नाहीत, कुठं आपटले नाहीत, पण उजवा खांदा धरूनच कॅज्युअल्टीत आले. खांद्यावर सूज नाही, खरचटल्याची खूण नाही. ईसीजी बघितला, तो ठीक होता. मी खांद्याचा समोरून एक एक्स-रे लिहून दिला आणि दुसऱ्या पेशंटकडे वळलो. फिल्म स्क्रीनवर आली तेव्हा नजर टाकली. फ्रॅक्चर नाही, सांधा जागेवर दिसतोय. 'मुका मार' असं लिहायला पेन उचललं होतं, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात एक्स-रे रूममधून टेक्नॉलॉजिस्टचा फोन आला. "साहेब, अण्णांचा हात बाहेर वळत नाही. एक वाय व्ह्यू घेऊ का?"

हे कळायला खांद्याचा फोटो कसा काढतात ते माहीत पाहिजे. समोरून फोटो घेताना टेक्नॉलॉजिस्ट पेशंटचा तळवा पुढं करून हात बाहेरच्या बाजूला वळवायला सांगतो. तसं केलं की दंडाच्या हाडाच्या डोक्याशेजारचा उंचवटा कडेला दिसतो आणि डोकं एका बाजूला झुकल्यासारखं, हातकाठीच्या मुठीसारखं दिसतं. हात आत वळलेला असेल तर तेच डोकं गोल दिसतं, लाईटच्या बल्बसारखं. अण्णांचं डोकं गोल होतं. मी ते बघितलं, पण मला वाटलं, दुखतंय म्हणून हात पोटाशी धरला असेल. आत उभ्या माणसानं मात्र स्वतः हात धरून बघितला होता. तो वळवायचाच नाही असं अण्णांनी ठरवलेलं नव्हतं, तो वळतच नव्हता, जाम होता. "न्हाई ओ, हलवायच येईना झालंय," असं ते दोनदा म्हणाले होते. मला नाही, त्याला.

शॉकनं किंवा फिट येऊन सगळे स्नायू एकदम आवळतात. दंड आत ओढणारे स्नायू बाहेर ओढणाऱ्यांपेक्षा जोरदार असतात, त्यामुळं खांदा मागच्या बाजूला निसटू शकतो. खांदा नेहमी निखळतो तो पुढच्या बाजूला, आणि तो लांबूनही ओळखू येतो. मागचा निखळलेला खांदा समोरच्या फिल्मवर जवळजवळ साळसूद दिसतो. म्हणून तो चुकतो, आणि आठवडे उलटले की नुसता ओढून बसवणं अवघड होतं.

वाय व्ह्यूची सोय अशी की हात हलवावा लागत नाही. पेशंटला तिरकं उभं करायचं, म्हणजे खांद्याचं पातं कडेनं दिसतं आणि त्याचा इंग्रजी वाय अक्षर होतो. दंडाचं डोकं त्या अक्षराच्या मध्यावर हवं. अण्णांचं मागे सरकलेलं होतं. नुसत्या वायवरही फसगत होऊ शकते, म्हणून सीटी केला. त्यात डोक्याला खोबणीच्या कडेनं पडलेली खाच दिसली. रात्रीच भूल देऊन सांधा बसवला. खाच लहान होती, चिरफाड लागली नाही.

निदान लिहायचा अधिकार टेक्नॉलॉजिस्टला नाही, सही माझी. त्यानं कुठं "डिसलोकेशन आहे" म्हटलं? "हात वळत नाही" एवढंच म्हणाला आणि एका फिल्मची परवानगी मागितली.

फोटो घेताना टेक्नॉलॉजिस्ट शिशाच्या काचेमागं असतात. शिशाची काच म्हणजे काचेत शिशाचं ऑक्साइड मिसळलेलं असतं. पेशंटच्या अंगावरून उधळलेले किरण ती अडवते, उजेड येऊ देते. लोकांना वाटतं, काचेमागं बसून हे बटण दाबतात. बटण दाबायला क्षणभर लागतो हो! बाकी वेळ ते काचेतून माणसाकडं बघत असतात. श्वास रोखलाय का, खांदा उचलला का, चेहरा वाकडा झाला का. कॅज्युअल्टीच्या गर्दीत मला पेशंटकडं इतका वेळ बघायला मिळत नाही. म्हणून आता आमच्याकडं शॉक किंवा फिटनंतर खांदा दुखत असेल तर दोन दिशांच्या फिल्म आधीच लिहिल्या जातात. तो नियम माझ्या नावावर आहे, पण आणला त्या फोननं.

फेब्रुवारीत अण्णा द्राक्षांची पेटी घेऊन आले. अर्थात माझ्याकडं, एक्स-रेवाल्याचं नाव त्यांना माहीतच नव्हतं. मी त्यांना हाताला धरून खाली एक्स-रे रूमशी नेलं. दाराबाहेरचा लाल दिवा लागलेला होता, म्हणून आम्ही दोघं पेटी घेऊन बाहेर बाकावर बसून राहिलो.