ट्रॅकिंग एरर म्हणजे खाल्लेला पैसा नव्हे

"निफ्टी वर्षात १२ टक्के वाढला, इंडेक्स फंडाने ११.५ दिले. मधला अर्धा टक्का कंपनीने खाल्ला, यालाच ट्रॅकिंग एरर म्हणतात. ज्याचा एरर सगळ्यात कमी, तोच फंड घ्या."
(मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज)

अर्ध्या टक्क्याचा हिशेबच आधी कच्चा आहे. टीव्हीवर दिसणारा निफ्टी ५० फक्त शेअरच्या भावांवर चालतो, कंपन्यांचा लाभांश त्यात धरलेला नसतो. त्याच कंपन्यांचे शेअर घेऊन ठेवणाऱ्या इंडेक्स फंडाला मात्र तो मिळतो आणि एनएव्हीत, म्हणजे फंडाच्या एका युनिटच्या किमतीत, जमा होतो. म्हणून तुलना टीआरआयशी करायची, म्हणजे लाभांश पुन्हा गुंतवला असं धरून काढलेल्या निर्देशांकाशी. बाजार नियामक सेबीने फेब्रुवारी २०१८ पासून फंडांना तीच बंधनकारक केली. लाभांश वर्षाला १.२ टक्के धरला, तर हा फंड अर्धा नव्हे, १.७ टक्के मागे निघेल. रागवायचंच होतं तर यावर रागवायचं!

बरं, १२ टक्के टीआरआयचेच होते असं धरू. मग तो अर्धा टक्का म्हणजे ट्रॅकिंग डिफरन्स. फंडाचा खर्च एनएव्हीतून रोज थोडा थोडा कापला जातो. मार्च आणि सप्टेंबरअखेर निर्देशांकातल्या कंपन्या बदलतात, तेव्हा फंडाला खरोखरची खरेदी-विक्री करावी लागते, दलाली आणि शेअर व्यवहारांवरचा कर, एसटीटी, भरावा लागतो. निर्देशांक कागदावरच बदलतो, त्याला यातलं काहीच लागत नाही.

ट्रॅकिंग एरर मोजतो ते वेगळंच: फंडाचा आणि निर्देशांकाचा रोजचा परतावा यांतला फरक दिवसागणिक किती हलतो. समजा 'अ' फंड वर्षाला अर्धा टक्का मागे पडतो, पण रोज अगदी सारखाच, ०.००२ टक्के. फरक हललाच नाही, म्हणून एरर शून्य. 'ब' फंडाकडे लोकांचे पैसे येत-जात असल्याने २ टक्के रोकड पडून असते. बाजार १ टक्का चढला की तो ०.०२ टक्के मागे राहतो, १ टक्का पडला की तेवढाच पुढे. बाजार रोज असाच १ टक्का वर किंवा खाली हलला असं धरू. वर्षात कामकाजाचे साधारण २५० दिवस, त्याचं वर्गमूळ १५.८. त्याने ०.०२ ला गुणलं की वार्षिक एरर आला सुमारे ०.३२ टक्के. तरीही खर्च कमी असल्याने वर्षाअखेर 'ब' पाव टक्काच मागे असू शकतो. मेसेज ऐकणारा 'अ' घेईल आणि दरवर्षी पाव टक्का जास्त गमावेल.

म्हणून एरर अगदीच बिनकामाचा आहे असं नाही. तो वाढत गेला तर रोकड किंवा शेअरचं प्रमाण नीट सांभाळलं जात नाही, एवढा संशय घ्यावा. सेबीने इक्विटी इंडेक्स फंडांना त्यावर २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. पण फंड निवडताना ३ आणि ५ वर्षांचा ट्रॅकिंग डिफरन्स बघा, तो फंडाच्या संकेतस्थळावर असतो. आणि एका फंडाचा एजंटशिवाय घेतलेला डायरेक्ट प्लॅन दुसऱ्याच्या एजंटमार्फतच्या रेग्युलर प्लॅनशी ताडून बघू नका, नाहीतर एजंटचं कमिशनही तुम्ही फंडाच्या चुकीत मोजाल.